दोन कपांच्या मधली वीज

एका एस्प्रेसोला लागणारं पाणी तापवायला सहा पैशांची वीज पुरते. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा पुन्हा तपासला, मग पुन्हा एकदा. साठेक ग्रॅम पाणी, खोलीच्या तापमानापासून ९३ अंशांपर्यंत, म्हणजे सुमारे १७ किलोज्यूल. एका युनिटात ३,६०० किलोज्यूल असतात. युनिटला १२ रुपये धरले तर हिशेब सहा पैशांच्या आतबाहेर येतो. पंप अर्धा मिनिट चालतो, त्याची वीज मोजण्यातही येत नाही. कॅपुचिनो करायचा असेल तर फ्रिजमधलं दूध साठ अंशांपर्यंत न्यायला आणखी अकरा-बारा पैसे. म्हणजे दुधासकट एक कप वीस पैशांत व्हायला हवा.

आमच्या घरच्या मशीनवर मात्र तोच कप दोन-तीन रुपयांच्या विजेला पडतो, आणि मशीन दिवसभर चालू ठेवलं तर त्याहून बराच जास्त. मधली ही वीज जाते कुठे, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. कारण घरात त्यावरून रोज बोलणं व्हायचं. सासूबाईंचं म्हणणं, "अगं, सारखं बंद-चालू नको करूस. गरम झालेलं मशीन बंद करायचं आणि परत गारपासून तापवायचं, त्यातच जास्त वीज जाते." नवऱ्याचं म्हणणं उलट. प्रत्येक कपानंतर बटण बंद. दोघांनाही आपलं म्हणणं स्वयंसिद्ध वाटत होतं.

आमचं मशीन इटालियन धाटणीचं आहे. आत तांब्याचा १.८ लिटरचा बॉयलर, आणि पुढे क्रोम केलेला जाडजूड पितळी ग्रुप, ज्याला पोर्टाफिल्टर, म्हणजे दळलेली कॉफी भरायची दांड्याची वाटी, अडकवतात. या ग्रुपला ई-६१ म्हणतात, कारण फाएमा कंपनीने तो १९६१ साली आणला. त्या वर्षी खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, त्यावरून 'ई'. ग्रुपचं वजन चार किलोच्या आसपास. बॉयलरच्या आतून गेलेल्या नळीतलं गरम पाणी स्वतःच्या हलकेपणामुळे वर चढतं, ग्रुपमधून फिरतं, थंड होऊन खाली परत येतं. हे फिरणं पंपाशिवाय अखंड चालू असतं आणि त्यानेच पितळ गरम राहतं. साठ वर्षांनंतरही ही रचना टिकून आहे, कारण चार किलो पितळ एकदा तापलं की शॉटभर, म्हणजे एक एस्प्रेसो निघेपर्यंत, पाण्याचं तापमान फारसं हलू देत नाही. चव स्थिर राहते ती या जडपणामुळे. आणि विजेचा खर्चही याच जडपणाचा आहे.

मोजायला मी सॉकेट आणि मशीनचा प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा मीटर आणला. सोळा अँपियरचा, कारण तापण्याच्या वेळी हे मशीन १,३५० वॅटच्या जवळपास ओढतं. पहाटे, मशीन रात्रभर बंद असताना, मीटर शून्यावर आणून बटण दाबलं. आकडा लगेच १,३४० वर गेला आणि तिथेच राहिला. पाच मिनिटं तसाच. आठव्या-नवव्या मिनिटाला मशीनच्या डोक्यावरच्या छोट्या झडपेतून फुसफुस झाली, थोडी वाफ आली आणि झडप टक् करून बंद झाली. मग दाबाचा काटा वर सरकत एक बारला पोचला, आतून खट् असा आवाज आला आणि मीटरवरचा आकडा एकदम दोनवर उतरला. एकूण वीज झाली होती ०.२४ युनिट.

इथे बरेच लोक फसतात. काटा जागेवर आला, दिवा विझला, म्हणजे मशीन तयार झालं असं वाटतं. पण तो काटा फक्त बॉयलरबद्दल सांगतो. त्या क्षणी ग्रुपला बोट लावलं तर ते आरामात तिथे ठेवता येतं, म्हणजे पितळ अजून कोमट आहे. तेव्हाच शॉट काढला तर पाणी बॉयलरमधून गरम निघतं आणि पितळातून येता येता निवतं. कॉफी आंबट, पातळ लागते, वरचा फेस फिका आणि लगेच विरणारा. मग माणूस दळण बारीक करतो, बिया बदलतो, मशीनला दोष देतो. खरं तर आणखी वीस मिनिटं थांबायला हवं होतं. ग्रुपला बोट क्षणभरही टेकवता येत नाही आणि अडकवून ठेवलेला पोर्टाफिल्टरही हाताला चटका देतो, तेव्हा मशीन तयार. पोर्टाफिल्टर आधीपासून अडकवलेला असायलाच हवा. तो ओट्यावर थंड पडला असेल तर ती अर्धा किलो धातूची थंडी थेट कपात उतरते.

अर्ध्या तासाने मीटर ०.३० दाखवत होता. म्हणजे गारेगार मशीन खऱ्या अर्थाने तयार करायची किंमत पाव युनिटाहून थोडी जास्त, साडेतीन रुपयांच्या आसपास. हा आकडा कागदावरही जुळतो. बॉयलरमधलं पाणी, तांबं, पितळ आणि बाकीचं लोखंड मिळून मशीन एक अंशाने तापायला साधारण दहा किलोज्यूल लागतात. खोलीपेक्षा नव्वद अंश वर न्यायचं, म्हणजे ९०० किलोज्यूल, बरोबर पाव युनिट. वरचे पाच शतांश त्या अर्ध्या तासात हवेत गेले. या पाव युनिटातला सगळ्यात मोठा वाटा बॉयलरमधल्या पाण्याचा आहे, आणि एस्प्रेसोपुरतं बोलायचं तर ते पाणी आपण पीत नाही. ते वाफेसाठी आणि नळीभोवती ऊब धरायला असतं. सकाळी तापतं, संध्याकाळी निवतं, तिथेच राहतं.

आता मुख्य आकडा. तयार झाल्यावर मशीनला तसंच सोडून दिलं. दर दीड-दोन मिनिटांनी खट्, काही सेकंद १,३४०, पुन्हा खट्, पुन्हा दोन. बॉयलरचा दाब किंचित उतरला की प्रेशरस्टॅट हीटर चालू करतो, दाब आला की बंद. तासाभराची बेरीज ०.११ युनिट आली. म्हणजे सरासरी ११० वॅट. स्वयंपाकघरात एक माणूस नुसता बसून असला तर त्याच्या अंगातून जवळपास एवढीच उष्णता बाहेर पडत असते. कोणी कॉफी करो न करो, तासाला एक रुपया तीस पैसे. चोवीस तास ठेवलं तर २.६४ युनिट, महिन्याला एकोणऐंशी. छोट्या कुटुंबाच्या बिलात हा आकडा लपत नाही.

आणि बिलात तो कुठे बसतो हेही पाहायला हवं. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : शंभर युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. फ्रिज, दिवे, पंखे यांनी खालचा टप्पा केव्हाच भरलेला असतो. मशीनची वीज त्याच्या वर जाऊन बसते. म्हणून एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून हिशेब केला तर तो चुकतो. वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं. स्थिर आकार काही केलं तरी हलत नाही, पण वीज आकार, वहन आकार आणि त्यांवरचं वीज शुल्क धरून, आमच्या टप्प्यात मी युनिटला सपाट १२ रुपये धरते. तुमचं घर वरच्या टप्प्यात असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढवून घ्या.

प्लगचा मीटर नसेल तरी हे मोजता येतं. घराच्या मुख्य मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी छापलेलं असतं, आमच्याकडे `3200 imp/kWh`. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. पहाटे घरातलं बाकी सगळं, फ्रिजसुद्धा, दहा मिनिटं बंद ठेवायचं, फक्त तापून तयार झालेलं कॉफी मशीन चालू ठेवायचं आणि मोजायचं. आमच्या मशीनने दहा मिनिटांत साठच्या आसपास लुकलुकावं अशी अपेक्षा होती आणि तसंच झालं. मध्ये मिनिटभर काहीच नाही, मग खट् आवाजाबरोबर दिव्याची घाई, पुन्हा शांतता. म्हणूनच एक-दोन मिनिटं मोजून उपयोग नाही. दोन खट्-च्या मधली शांतताच मोजली तर मशीन काही खातच नाही असं वाटेल.

मला वाटतं सासूबाईंच्या समजुतीचं मूळही याच घाईत आहे. मशीन चालू केलं की दिवा पळतो, घरातला पंखा क्षणभर मंदावतो, आणि तयार मशीन मात्र शांत उभं असतं. डोळ्यांना दिसतं ते असं की चालू करणं महाग आणि चालू राहणं फुकट. पण वीज म्हणजे वॅट गुणिले वेळ. १,३४० वॅट दहा-अकरा मिनिटं, विरुद्ध ११० वॅट सोळा तास. दुसरी बाजू सात पटींहून जड आहे. शिवाय हीटर म्हणजे साधी तार असते, चालू होताना ती दांडगा झटका ओढत नाही.

आता खरा प्रश्न : बंद करून परत तापवण्यात जास्त वीज जाते का? जात नाही. कधीच नाही. आणि याचं कारण मोजमापावर अवलंबून नाही, ते निवण्याच्या रीतीत आहे. मशीनमधून किती उष्णता बाहेर पडते हे त्या क्षणी ते खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरतं. चालू मशीन सतत पूर्ण गरम, म्हणून सतत पूर्ण वेगाने उष्णता सोडतं. बंद मशीन निवत जातं, आणि जसजसं निवतं तसतसा उष्णता सोडण्याचा वेग कमी होतो. परत तापवताना आपल्याला तेवढीच उष्णता भरून द्यायची असते जेवढी त्याने मधल्या वेळात गमावली. ती कमीच असणार, कारण त्या वेळातला एकही क्षण ते चालू मशीनइतकं गरम नव्हतं. मग मध्ये पाच मिनिटं गेली असोत की पाच दिवस.

मात्र कमी म्हणजे किती कमी, यात सगळा फरक आहे, आणि नवऱ्याचा नियम इथे अडखळतो. मशीन तासभर बंद ठेवलं तर ते पूर्ण गार होत नाही, सुमारे एकतृतीयांश उष्णता गमावतं. ती भरून काढायला ०.०८८ युनिट. चालूच ठेवलं असतं तर ०.११. बचत सव्वीस-सत्तावीस पैसे. दोन तास बंद ठेवलं तर बचत नव्वद पैशांच्या आसपास. चार तासांत मशीन जवळजवळ गार झालेलं असतं, आता गमावण्यासारखं फार उरलेलं नसतं, आणि बचत पावणेतीन रुपयांवर जाते. रात्रीच्या आठ तासांत साडेसात रुपयांच्या वर. पहिला तास जवळजवळ काही देत नाही. चौथ्या तासापासून पुढचा प्रत्येक तास चालू मशीनचा बहुतेक सगळा खर्च वाचवतो.

आमच्याकडचा एक साधा दिवस घेते. साडेसहाला नवऱ्याचा कप, सव्वासातला माझा, अकराला सासूबाईंचा दुधाचा, पाचला आणखी एक. मशीन सकाळी सहाला सुरू करून संध्याकाळी सहापर्यंत तसंच ठेवलं तर १.५७ युनिट, जवळपास एकोणीस रुपये. कपामागे पावणेपाच रुपये. बिया किलोला नऊशे रुपये धरल्या तर अठरा ग्रॅमला सोळा रुपये होतात. म्हणजे बियांच्या पाव भागाहून जास्त किंमत नुसत्या वाट पाहण्याची.

आता तीन वेळा चालू-बंद केलं तर? सकाळी सहा ते साडेसात, मग बंद. साडेदहाला चालू, सव्वाअकराला बंद. साडेचारला चालू, सव्वापाचला बंद. बेरीज ०.९८ युनिट, पावणेबारा रुपये. रोजचे सात रुपये वाचले, महिन्याचे दोनशेच्या वर. यात सकाळच्या दोन कपांच्या मधे मी मशीन बंद केलेलं नाही. तेही केलं तर? पाऊण तासाची फट, त्यात पितळ परत सावरायला पंधरा मिनिटं आधी चालू करावंच लागतं, म्हणून प्रत्यक्षात अर्धा तास बंद. त्या अर्ध्या तासाची बचत ०.००५ युनिट, म्हणजे सहा पैसे. आणि त्या सहा पैशांसाठी दुसरा कप कमी गरम ग्रुपवर पडण्याची जोखीम. ग्रुप पूर्ण सावरला नसेल तर सोळा रुपयांच्या बिया आंबट होतात.

म्हणून आमच्याकडे आता ठरलेलं आहे. पुढचा कप दीड तासाच्या आत असेल तर मशीनला हात लावायचा नाही, त्याहून लांब असेल तर बंद. दीड तास हा काही निसर्गाचा नियम नाही. आमच्या मशीनच्या वजनाला, आमच्या धीराला आणि पन्नास-साठ पैशांच्या आमच्या किमतीला तो जुळतो. मोठा बॉयलर असेल तर मशीन हळू निवतं आणि ही वेळ लांबते. ज्या मशीनच्या बॉयलरला उष्णतारोधक वेष्टन आहे, त्याचंही तसंच; ते सरासरी ११० वॅटही ओढत नसेल. उन्हाळ्यात मी हा नियम आणखी कडक पाळते, कारण ते ११० वॅट आधीच तापलेल्या स्वयंपाकघरात उतरतात आणि शेजारच्या खोलीत एसी चालू असेल तर त्याला ते परत बाहेर फेकावे लागतात. थंडीत तेवढं जिवावर येत नाही.

अकराच्या कपाबद्दल मात्र मला थोडं वेगळं वाटतं. या दिवसाचे आकडे मांडले तेव्हा तोच उठून दिसला. एकट्या त्या कपासाठी मशीन तीन तासांच्या निवण्यातून वर आणायचं, पाऊण तास गरम ठेवायचं, ०.२६५ युनिट घालवायचं. त्यातलं कपात जातं ते सतरा-अठरा पैशांचं. तीन रुपये म्हणजे काही आकाश कोसळत नाही, पण एवढा धातू एका कपासाठी तापवणं मला पटत नाही. सासूबाईंना मुळात एस्प्रेसो हवाच नसतो, त्यांना दुधाची कडक कॉफी हवी असते. स्टीलचा दक्षिणी फिल्टर सकाळीच भरून ठेवला की अकराला डिकॉक्शन तयार असतं आणि गॅसवर दूध उकळायचं तेवढं राहतं. त्यांना तीच जास्त आवडते. हिशेबाने नाही, चवीने.

हे सगळं बॉयलरवाल्या जड मशीनबद्दल झालं. माझ्या नणंदेकडे छोटं मशीन आहे, कॅप्सूलचं. त्यात बॉयलर नाही, अॅल्युमिनियमचा एक छोटा ठोकळा आहे आणि पाणी त्यातून जाता जाता तापतं. १,४५० वॅट, चाळीस सेकंद, झालं तयार. ते चाळीस सेकंद म्हणजे ०.०१६ युनिट, एकोणीस पैसे. तिथे प्रत्येक कप अगदी गारपासून सुरू केला तरी दिवसाचा खर्च रुपयाच्या आत. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की मशीन आपोआप झोपतं. अशा मशीनचं बटण लगेच दाबलं काय आणि त्याने स्वतः दाबलं काय, पैशांत फरक दिसत नाही. तिथे खर्च आहे तो कॅप्सूलचा. बिया आपणच दळणारी स्वयंचलित मशीन या दोघांच्या मधली. त्यांची एक खोड आहे : चालू होताना आणि बंद होताना ती नळ्या धुवायला थोडं गरम पाणी खालच्या ट्रेमध्ये सोडतात. दिवसातून आठ-दहा वेळा बंद-चालू केलं तर विजेत अजूनही नुकसान नाही, पण ट्रे सारखा भरतो आणि पाणी वाया जातं.

स्टँडबायची भीती मात्र मला अस्थानी वाटते. बंद करूनही प्लग लावलेला राहिला तर मशीन वीज खातं, हे खरं. पण किती? युरोपात विकल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, पडद्यावर काही दाखवत असेल तर ०.८ वॅटची. अर्धा वॅट वर्षभर म्हणजे साडेचार युनिटांच्या आत, पन्नास-पंचावन्न रुपये. वर्षाचे. चालू राहिलेलं आमचं मशीन तेवढे पैसे दोन दिवसांत घालवतं. गोंधळ होतो तो शब्दांचा : लोक 'स्टँडबाय' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात तयार, गरम, वाट पाहणारं मशीन असतं. ते स्टँडबाय नव्हे. हात वरच्या झाकणावर ठेवून पाहा. ऊब लागली आणि मशीन गेल्या काही तासांत बंद केलेलं नसेल, तर आत हीटर काम करतो आहे.

युरोपीय संघाने हा फरक ओळखून नियम केला. १ जानेवारी २०१५ पासून तिथे विकायच्या घरगुती कॉफी मशीनने आपणहून झोपायला हवं. काचेच्या भांड्याखाली गरम तबकडी असणाऱ्या ड्रिप मशीनला चाळीस मिनिटं, थर्मॉससारखं भांडं असेल तर पाचच मिनिटं कारण कॉफी स्वतःच गरम राहते, आणि एस्प्रेसोच्या मशीनला शेवटच्या कपानंतर तीस मिनिटं. या तीन वेगळ्या वेळा मला फार नेमक्या वाटतात. ज्याने हे लिहिलं त्याला माहीत होतं की पैसा कप भरण्यात नाही, कप भरल्यानंतरच्या वेळात आहे. आपल्याकडे येणाऱ्या अनेक मशीनमध्ये ही सोय त्यामुळेच असते, 'इको' किंवा तसल्याच नावाने. दुकानदार कधी कधी ती बंद करून देतात, कारण गिऱ्हाईक तक्रार करतं की मशीन मधेच बंद पडलं. घरी आणल्यावर ती चालू आहे का हे एकदा पाहून घ्यावं.

बंद-चालू केल्याने मशीन लवकर खराब होतं का, हेही विचारतात. तापणं-निवणं सांध्यांना थोडं ताणतं, हे मान्य. पण सतत गरम राहणंही फुकट नाही. ग्रुपमधली रबरी रिंग उष्णतेने कडक होत जाते, पोर्टाफिल्टर घट्ट बसेनासा होतो आणि कडेने पाणी झिरपू लागतं. प्रेशरस्टॅटचे संपर्कबिंदू दर दीड-दोन मिनिटांनी उघडतात-मिटतात, बारा तासांत चारशेच्या आसपास वेळा. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी. कॅफेमध्ये मशीन दिवसभर चालू असतं त्याचं कारण तिथे कप थांबतच नाहीत. तासाला तीस कप निघत असतील तर गरम राहण्याचा खर्च तिसांत वाटला जातो. चार कपांच्या घराने कॅफेची सवय उचलण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न पहाटेच्या अर्ध्या तासाचा. साडेसहाला कप हवा तर सहाला कोणीतरी उठून बटण दाबायला हवं, आणि याच एका कारणाने पुष्कळ लोक मशीन रात्रभर चालू ठेवतात. आठ तासांचे साडेसात रुपये हे खरं तर अर्ध्या तासाच्या झोपेचे असतात. यावर टायमर लावलेला प्लग चालतो, पण तीन गोष्टी पाहूनच. मशीनचं बटण खटक्याचं हवं, म्हणजे वीज गेली आणि आली तरी चालूच राहणारं. हलकं दाबायचं इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर वीज आल्यावर मशीन झोपलेलंच राहतं. प्लग सोळा अँपियरचा हवा. सहा किंवा दहा अँपियरचे स्वस्त प्लग रोज १,३४० वॅटखाली राहून हळूहळू आतून वितळू शकतात; प्लास्टिक पिवळं पडलं किंवा काढताना पिना गरम लागल्या तर तो प्लग त्याच दिवशी टाकून द्यावा. आणि तिसरी, रात्री झोपण्यापूर्वी पाण्याची टाकी भरलेली आहे ना, आणि वाफेची तोटी घट्ट बंद आहे ना, हे बघायचं. बॉयलरमध्ये पाणी कमी असताना हीटर थांबवणारी सोय बहुतेक मशीनमध्ये असते, पण आपण झोपेत असताना तिची परीक्षा कशाला घ्यायची. तोटी उघडी राहिली तर काटा कधी वर येतच नाही, वाफ ओट्यावर निसटत राहते आणि हीटर न थांबता चालतो.

वायफायवर चालणारे टायमर प्लग स्वतः एखादा वॅट खातात. वर्षाला नऊ युनिटांच्या आत, शंभरेक रुपये. एका पंधरवड्याच्या रात्री मशीन बंद ठेवलं की ते भरून निघतात.